पत्रकार की डॉक्टर? कामाची खरी ओळख करून देणारे सिनेमे सुचवा

अनुजा_धरमपेठ
नमस्कार मंडळी. माझी लेक अकरावीत आहे, सायन्स, बायोलॉजी घेतलेलं. नीटचा क्लास सुरू आहे. उन्हाळ्यात तिने 'स्पॉटलाइट' पाहिला आणि तेव्हापासून पत्रकार व्हायचं म्हणते. त्याआधी डॉक्टर व्हायचं होतं, तेही एका हॉस्पिटलच्या मालिकेवरून. दोन्ही ओढी पडद्यावरूनच आलेल्या, त्यामुळे पडद्यावरच त्यांची परीक्षा घ्यावी असं मनात आलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी बसून काही सिनेमे पाहणार आहोत. पण मला असे हवेत ज्यात माणूस दिवसभर नेमकं काय करतो ते दिसतं. शेवटी टाळ्या मिळतात ते नको. या दोन्ही क्षेत्रांतल्या लोकांनी कृपया सांगा, कुठल्या सिनेमात तुमचं काम तुम्हाला ओळखीचं वाटलं?

पोट्टा_सक्करदरा
ताई, मले तर एकच माहीत आहे. मुन्नाभाई एमबीबीएस! डॉक्टर कसा असावा ते त्याच्यातच आहे. बाकी सगळे पाहून राहिले तरी मुन्नाभाई एक नंबर.

वसुधा_लक्ष्मीनगर
'आनंदी गोपाळ' नक्की बघा दोघी. २०१९ चा आहे. आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या काळात! माझ्या मुलालाही आम्ही दाखवला होता, तो आता सीएच्या आर्टिकलशिपला आहे. ऑडिटला वर्ध्याला जातो रोज, रेल्वेने. सीएवर एकही धड सिनेमा नाही हो, कुणाला माहीत असेल तर सांगा.

अनुजा_धरमपेठ
वसुधाताई, तो पाहिलाय आम्ही, खूप आवडला. पण त्यात शिकायला जाण्याचा लढा आहे, डॉक्टरकीचं काम फारसं नाही. आनंदीबाई परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्याच, प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही त्यांना. मला काम दिसणारे सिनेमे हवेत.

चित्रवेडा
मग 'स्पॉटलाइट'पासूनच सुरुवात करा, कारण कामाच्या बाबतीत तो फार प्रामाणिक आहे. बॉस्टन ग्लोब या वर्तमानपत्राच्या बातमीदारांना आतल्या एका माणसाने लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांची यादी दिली आणि त्यांनी ती छापायची हिंमत केली, ही गोष्ट आहे. २०१५ चा सिनेमा, पुढच्या वर्षी सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर.
मराठीत 'सिंहासन' आहेच. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस पाहिल्याशिवाय पत्रकारितेचं नाव काढू नये. अरुण साधूंच्या कादंबरीवरचा.

जुना_बातमीदार
चित्रवेडा, 'सिंहासन'मागे साधूंच्या दोन कादंबऱ्या आहेत, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. ते बारीक झालं. पण स्पॉटलाइटबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते दुरुस्त करायला हवं, कारण या ताईंचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

त्यांना यादी कुणी आयती आणून दिली नाही. ती त्यांनी बनवली, आणि ती कशी बनवली तो भाग मुलीला पुन्हा दाखवा. पाद्र्यांचा अभ्यास केलेला एक माणूस फोनवर सांगतो की साधारण सहा टक्के पाद्री असे निघतात. बॉस्टनमध्ये पाद्री पंधराशेच्या घरात, म्हणजे नव्वद. हा झाला अंदाज. अंदाज छापता येत नाही. मग त्यांच्या लक्षात येतं की चर्च दरवर्षी एक निर्देशिका छापतं, कुठला पाद्री कुठल्या चर्चमध्ये, अशी. त्यांना आधीच माहीत असलेले जे दोषी होते, त्यांच्या नावापुढे त्या त्या वर्षी काय लिहिलंय ते त्यांनी पाहिलं. 'आजारपणाची रजा', 'नेमणूक नाही', असले शेरे. हा धागा हाती लागल्यावर उलट दिशेने काम सुरू. वर्षावर्षांच्या निर्देशिका काढायच्या, पट्टी ठेवून एकेक ओळ खाली उतरायची, असा शेरा दिसला की नाव टिपायचं, पुढच्या वर्षी तो कुठे गेला ते बघायचं. शेवटी सत्त्याऐंशी नावं निघाली.

आता यात गंमत अशी की ती निर्देशिका गुप्त नव्हती. त्यांच्याच कचेरीच्या ग्रंथालयात धूळ खात पडली होती. आणि सत्त्याऐंशी नावं हाती आली म्हणजे बातमी झाली असंही नाही. आजारपणाची रजा घेतलेला पाद्री खरोखर आजारी असू शकतो. म्हणून मग दारोदार फिरणं, पीडितांना भेटणं, वकिलांकडून नावांना दुजोरा घेणं, कोर्टाची कागदपत्रं खुली करून घेणं हे सगळं येतं. मी पंचवीसेक वर्षं बातमीदारी केली, मला त्या सिनेमातला सगळ्यात ओळखीचा क्षण पट्टीचा वाटला.

ताई, मुलीला एकच विचारा. तो पट्टीचा भाग आला तेव्हा तिला कंटाळा आला का? की पुढची ओळ बघायची घाई झाली?

अनुजा_धरमपेठ
विचारते आज रात्री. हा प्रश्न मला सुचलाच नसता.

चित्रवेडा
दुरुस्ती मान्य, दादा. पण यादी अगदीच कुणी दिली नव्हती असंही नाही ना? एका वकिलाने वीस नावं कित्येक वर्षं आधी पाठवली होती, असा संवाद आहे.

जुना_बातमीदार
बरोबर, आहे. आणि ती पाठवली तेव्हा त्याच वर्तमानपत्राने आतल्या पानावर छोटीशी बातमी लावून विषय सोडून दिला. सिनेमाच्या शेवटी ते स्वतःच्याच संपादकावर येतं. म्हणजे यादी दारात येऊन पडली होती, तरी तिच्या मागे कुणी गेलं नाही म्हणून ती मेली. आयत्या यादीचं काय होतं, ते त्यातच दाखवलंय.

जोडीला १९७६ चा 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' दाखवा. त्यात दोघे बातमीदार लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बसून पुस्तकं मागवल्याच्या चिठ्ठ्यांचा ढीग उपसतात. कॅमेरा वर वर जात राहतो आणि माणसं मुंगीएवढी होतात. त्या चिठ्ठ्यांतून त्यांना काहीही मिळत नाही. बहुतेक सिनेमांत शोधलं की सापडतं. इथे शोधलं आणि हात रिकामे, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. हे दाखवणारे सिनेमे फार थोडे.

यवतमाळकर
दादा, तुम्ही ग्लोबचं सांगता ते खरं, पण तिथे चौघांचा चमू महिनोन्महिने एका बातमीवर बसलाय. आपल्याकडे हे कुठे? मी जिल्ह्याला होतो. रोज बातम्या द्याव्या लागायच्या, आणि डाक आवृत्तीचं पान लवकर सुटतं म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत. मानधन बातमीमागे. एका विषयावर आठवडा घालवला तर त्या आठवड्याचे पैसे कोण देणार? पोरीला स्पॉटलाइट दाखवताय तर 'पीपली लाइव्ह'ही दाखवा. २०१० चा. दिग्दर्शिका अनुषा रिझवी आधी स्वतः टीव्ही पत्रकार होत्या, ते जाणवतं.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका.) सगळे आत्महत्या करणार म्हणून गाजलेला शेतकरी नत्था आणि त्या वाहिन्यांच्या गाड्यांबद्दल बोलतात. मला त्यातला राकेश आठवतो, नवाजुद्दीनने केलेला. गावचा छोटा बातमीदार. बातमी पहिल्यांदा त्याने आणली. मग दिल्लीहून मोठे लोक आले आणि तो त्यांच्या गाडीत वाटाड्या झाला. शेवटी आगीत मरतो आणि लोकांना वाटतं मेलेला नत्था आहे. त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. विदर्भात शेतकरी आत्महत्यांची बातमी करायला बाहेरून माणसं यायची तेव्हा आमच्यातल्या कितीजणांनी हेच काम केलं. घर दाखव, विधवेशी बोलणं करून दे, भाषा समजावून सांग. मोठ्या बातमीत आपलं नाव नाही.

जुना_बातमीदार
यवतमाळकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. चौघांना महिनोन्महिने पोसणारी कचेरी मी नागपुरात पाहिली नाही. जे काही खणून काढलं ते रोजच्या बातम्या टाकून झाल्यावर, उरलेल्या वेळात. मुलीने हे माहीत असूनच यावं.

पोट्टा_सक्करदरा
बाप्पा, किती सिरियस झालं वातावरण. डॉक्टरवाले कुठे गेले?

रेसिडेंट_मेडिसिन
ड्युटीवर होते, आता आले. मुन्नाभाईबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. वॉर्डात माणसाशी माणसासारखं बोलावं हे त्याने एका पिढीला सांगितलं. पण डॉक्टरचं काम त्यात नाही, जादू की झप्पी देऊन निदान होत नाही.

पडद्यावरचं मेडिकल खोटं कुठे पडतं ते ओळखायची एक सोपी खूण सांगते. मॉनिटरवर सरळ रेषा येते, डॉक्टर दोन इस्त्र्यांसारखे पॅडल घेतो, झटका देतो आणि पेशंट उठतो. असं दृश्य आलं की समजा, लिहिणाऱ्याने कुणा डॉक्टरला विचारलेलं नाही. सरळ रेषेला झटका देतच नाहीत. झटका देतात तो हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा, ती थरथर थांबवून ठोका पुन्हा लयीत यावा म्हणून. रेषा सरळ झाली की अ‍ॅड्रिनलिन द्यायचं आणि छाती दाबत राहायची, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. सिनेमात कोपर वाकवून हलकेच दाबतात, कारण खाली जिवंत नट असतो.

आणि निकाल. १९९६ मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी तीन टीव्ही मालिकांमधले असे प्रसंग मोजले. पडद्यावर चारातले तीन पेशंट तिथल्या तिथे वाचत होते आणि दोन तृतीयांश घरी जाताना दिसत होते. खऱ्या वॉर्डात हे प्रमाण याच्या जवळपासही नाही. अनुजाताई, मुलीला मालिका आवडली ती या दृश्यांमुळे असेल तर तिला हे आधीच कळायला हवं. आम्ही छाती दाबतो, घामाघूम होतो, आणि बहुतेक वेळा बाहेर येऊन नातेवाइकांना वाईट बातमी सांगतो. मग हात धुऊन पुढच्या पेशंटकडे.

अनुजा_धरमपेठ
बापरे. मग असा एकही नाही का, ज्यात तुमचं रोजचं काम आहे?

रेसिडेंट_मेडिसिन
थोडे आहेत. माझं रोजचं काम म्हणजे प्रश्न विचारणं, आणि ते सिनेमात फार कमी येतं, कारण दिसायला काहीच नसतं. एक केस सांगते, म्हणजे लक्षात येईल.

पन्नाशीच्या पुढची एक बाई आली, कॉटन मार्केटला भाजी विकणारी. "पित्त झालं जी, गोळी देऊन द्या." साखरेचा त्रास होता. घाईत असणारा कुणीही अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन पाठवेल. विचारलं, जळजळ जेवल्यावर होते का? म्हणाली, असं काही नाही. मग कधी होते? बराच वेळ तिला सांगताच येईना. शेवटी म्हणाली, टोपलं उचललं की होते, खाली ठेवून बसलं की जाते. त्या एका वाक्यावर माझे कान टवकारले. पित्ताला टोपलं कळत नाही. दुखणं आणखी कुठे जातं? तर जबड्यात, ते तिने दाताचं दुखणं समजून लवंग धरली होती. आणि त्या दिवशी सकाळपासून बसूनही थांबत नव्हतं, म्हणून ती आली होती.

लगेच ईसीजी काढला. जवळपास नॉर्मल. इथेही चुकायला जागा आहे, पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी पाठवलं जातं. गोष्ट जुळत होती म्हणून तिला तिथेच झोपवून ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा काढला. दुसऱ्यात हृदयाच्या खालच्या भागाचे बदल स्पष्ट दिसत होते. हार्ट अटॅक. वेळेत उपचार मिळाले, ती बरी झाली.

यात सिनेमा कुठे आहे? एक बाई आणि एक डॉक्टर स्टुलावर बसून टोपल्याबद्दल बोलताहेत, बस. जुना_बातमीदार, तुमच्या पट्टीसारखंच आहे हे.

जुना_बातमीदार
डॉक्टरीणबाई, स्पॉटलाइटमध्येच तुमचं दृश्य आहे बघा. एक बातमीदार पीडिताशी बोलते. तो म्हणतो, त्याने माझ्याशी गैरवर्तन केलं. ती अतिशय हळुवारपणे सांगते की एवढ्यावर भागणार नाही, नेमकं काय झालं ते शब्दांत यायला हवं. त्याला रडू येतं, तरी ती प्रश्न सोडत नाही आणि त्याचा हातही सोडत नाही म्हणा ना. अनोळखी माणसाला अवघड प्रश्न विचारता येतो का आणि उत्तराची वाट बघता येते का, हे दोन्हीकडे लागतं.

मंदार_एनजी
मी जरा वेगळं बोलतो. नेमकं काम दाखवणारेच सिनेमे हवेत हा आग्रह कशासाठी? माझ्या धाकट्या भावाने २०१४ चा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' पाहिला आणि त्याच दिवशी ठरवलं. आमटे आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्येच शिकले, १९७३ पासून हेमलकशाला. त्या सिनेमात ओपीडी किती मिनिटं आहे हे भावाने मोजलं नाही. आज एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि खूश आहे. आधी ओढ लागते, कंटाळवाण्या गोष्टी माणूस नंतर सोसतो.

रेसिडेंट_मेडिसिन
मंदार, तिसऱ्या वर्षाला मीही खूश होते. इंटर्नशिप होऊ दे, मग पीजीची नीट, मग रेसिडेन्सी. साडेचार वर्षं अधिक एक, आणि खरा प्रवास त्यानंतर सुरू होतो. त्या ओढीवर इथवर आलेले आणि टिकलेले लोक मी पाहिलेत, आणि त्याच ओढीवर येऊन मधेच कोसळलेलेही.

मंदार_एनजी
म्हणजे दोन्ही प्रकारचे आहेत ना. मग माझा मुद्दा राहतोच.

वसुधा_लक्ष्मीनगर
बायोलॉजी सोडू नको म्हणावं तिला. आमच्या शेजारच्या मुलीने सोडलं आणि मग रडली.

चित्रवेडा
वसुधाताईंचा मुद्दा व्यवहाराचा आहे. पत्रकारितेच्या पदवीला बारावी कुठल्याही शाखेची चालते. नीटला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच. त्यामुळे बायोलॉजी ठेवलं तर दोन्ही दारं उघडी.

यवतमाळकर
कागदावर उघडी. नीटचा क्लास असताना पोरगी कधी काय लिहिणार? १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की वजा. दोन वर्षं त्यातच जातात आणि मग ती म्हणते पत्रकारिता करायचीय, तेव्हा घरचे म्हणतात, इतका खर्च केला ना.

अनुजा_धरमपेठ
यवतमाळकर, हे अगदी मनातलं बोललात. ही भीती मला आहेच.

काल रात्री आम्ही दोघींनी पुन्हा पाहिला. पट्टीच्या भागाबद्दल मी काही न विचारता नुसतं तिच्याकडे बघत होते. तिने मधेच थांबवून विचारलं, "आई, आपल्याकडे अशी दरवर्षी छापली जाणारी यादी कशाची असते?" मला उत्तर देता आलं नाही. आणि रेसिडेंट ताई, तुमची टोपल्याची गोष्ट वाचून दाखवली तर म्हणते, हे पण मला करायचंय! झालं, पुन्हा तिथेच.

जुना_बातमीदार
हा प्रश्न तिने विचारला असेल तर सिनेमे बास झाले, तिला एक काम देऊन बघा. सुट्टीत जमेल असं.

तुमच्या भागात कुठेतरी सिमेंट रस्त्याचं खोदकाम असेलच. तिथे फलक असायला हवा, कामाचं नाव, कंत्राटदार, किंमत, सुरू झाल्याची आणि संपायची तारीख. त्याचा फोटो काढायचा. फलक नसेल तर तीही नोंद. संपायची तारीख उलटून गेली असेल तर आजूबाजूच्या दुकानदारांना विचारायचं की शेवटचं काम कधी चालू दिसलं. ते चार जण चार तारखा सांगतील. चारही लिहायच्या, त्यातली कुठली खरी हे तिने ठरवायचं नाही.

मग मनपाच्या झोन कार्यालयाला माहितीच्या अधिकारात अर्ज. तिच्या वयावरून कुणी काचकूच करू नये म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. 'रस्त्याला उशीर का झाला' असं विचारायचं नाही, 'का'ला उत्तर देत नाहीत. कागद मागायचा. कार्यादेशाची प्रत आणि मुदतवाढ दिली असल्यास त्या पत्राची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. मुदतवाढीच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं. ते कारण आणि दुकानदारांच्या तारखा शेजारी ठेवायच्या. कारण पावसाचं लिहिलंय आणि दुकानदार म्हणतात उन्हाळाभर काम बंद होतं, तर बातमी आहे. दोन्ही जुळत असतील तर बातमी नाही, आणि तेही लिहून ठेवायचं. शेवटी अभियंत्याची बाजू विचारायला जायचं. तो भेटणार नाही, पुन्हा जायचं.

यवतमाळकर
हे बेस. उत्तर येईपर्यंत दिवाळी संपेल, पण ती वाट बघणंही कामातलंच आहे.

रेसिडेंट_मेडिसिन
माझ्याकडे असं काम देता येत नाही. अकरावीच्या मुलीला पेशंटच्या कॉटशी उभं करता येणार नाही, करूही नये, पेशंटचंही काही खाजगी असतं. पण घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या एका जुन्या दुखण्याची पूर्ण हकिकत तिने विचारून लिहावी. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने थांबतं, कुठली गोळी कोणी सांगितली, ती खरंच घेतात का. निदान करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मधे न बोलता ऐकता येतं का तेवढंच बघायचं.

अनुजा_धरमपेठ
सासूबाई तयार होतील, त्यांना गुडघ्याबद्दल ऐकणारं कुणी हवंच असतं.
रस्त्याचंही करतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच खोदून ठेवलंय. लेक आत्ताच जाऊन बघून आली, फलक आहे पण संपायच्या तारखेवर जाहिरात चिकटवलेली आहे. जुना_बातमीदार, ती विचारते, जाहिरात काढून फोटो घ्यायचा की आहे तसाच?

जुना_बातमीदार
आधी आहे तसाच. मग जाहिरात काढायची, दुसरा. दोन्हींवर तारीख-वेळ येईल असे.

पोट्टा_सक्करदरा
आमच्या गल्लीत तर फलकच नाही ना जी. मी पण अर्ज टाकू का?

जुना_बातमीदार
टाक. आणि कार्यादेशाची प्रत मागायला विसरू नको.